ऋण द्विपद रिग्रेशन: सरासरीपेक्षा प्रचरण मोठे असलेल्या मोजणीच्या विदेसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोजणीच्या विदेला पॉयसन रिग्रेशन लावताना आपण नेमके काय गृहीत धरतो?

घटना किती वेळा घडली हे सांगणारी संख्या ०, १, २, ३ अशी पूर्णांकातच येते आणि ऋण कधीच होत नाही. अशा संख्यांसाठी पॉयसन वितरण ही स्वाभाविक सुरुवात असते. या वितरणाला एकच प्राचल आहे, ते म्हणजे सरासरी μ. सरासरी ठरली की बाकी सर्व ठरते, आणि त्यात प्रचरण, म्हणजे व्हेरिअन्सही आले, कारण पॉयसनमध्ये प्रचरण नेहमी सरासरीइतकेच असते:

```
Var(Y) = μ
```

पॉयसन रिग्रेशनमध्ये आपण log(μ) ला स्वतंत्र चलांच्या रेषीय सूत्राने बांधतो. त्यासोबत हे गृहीतकही न सांगता स्वीकारले जाते की, स्वतंत्र चलांची मूल्ये सारखी असलेल्या सर्व निरीक्षणांची खरी सरासरी अगदी एकच आहे आणि त्यांच्यातला फरक केवळ योगायोगाचा आहे. प्रत्यक्ष विदेत हे क्वचितच खरे असते. या गृहीतकानुसार जितके प्रचरण यायला हवे त्याहून जास्त आले, तर त्या स्थितीला ओव्हरडिस्पर्शन म्हणतात.

या पानावर उदाहरण म्हणून कोणती विदा घेतली आहे?

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर आढळणाऱ्या लिम्युलस पॉलिफेमस या हॉर्सशू खेकड्याच्या १७३ माद्यांची विदा घेतली आहे. जीवशास्त्रज्ञ जेन ब्रॉकमन यांनी या प्राण्याच्या प्रजननावरील आपला अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली ही विदा पुढे सांख्यिकीच्या अध्यापनात इतकी रुळली की आर या संगणकीय भाषेच्या `glm2` पॅकेजमध्ये ती `crabs` या नावाने तयार मिळते.

अंडी घालण्यासाठी मादी वाळूत येते तेव्हा बहुधा एक नर तिला चिकटलेला असतो. त्याच्याखेरीज आणखी काही नर त्या जोडीभोवती गोळा होतात, आणि त्यांना सॅटेलाइट नर म्हणतात. प्रत्येक मादीभोवती असे किती नर होते, ही आपली मोजणी आहे. मादीच्या कवचाची रुंदी सेंटिमीटरमध्ये नोंदवलेली असून तोच आपला स्वतंत्र चल आहे. १७३ माद्यांभोवती मिळून ५०५ सॅटेलाइट नर होते, म्हणजे सरासरी २.९२. याच संख्यांचे प्रचरण मात्र ९.९१ आहे. ६२ माद्यांभोवती एकही सॅटेलाइट नर नव्हता, तर एका मादीभोवती १५ होते.

सरासरी २.९२ आणि प्रचरण ९.९१ एवढ्यावरून ओव्हरडिस्पर्शन सिद्ध होते का?

होत नाही, आणि ही चूक फार वेळा होते. पॉयसन रिग्रेशनचे गृहीतक एकूण प्रचरणाविषयी नाही. स्वतंत्र चलाचे मूल्य दिल्यानंतर उरलेल्या प्रचरणाविषयी ते आहे. रुंद माद्यांभोवती जास्त नर जमत असतील, तर सगळ्या माद्या एकत्र केल्यावर प्रचरण वाढणारच, आणि त्यात मॉडेलचा काही दोष नाही. म्हणून रुंदीनुसार गट पाडून प्रत्येक गटाच्या आत डोकावावे लागते. तसे केल्यावर हे चित्र दिसते:

| कवचाची रुंदी (सेंमी) | माद्या | सरासरी | प्रचरण |
|---|---|---|---|
| २३.२५ पेक्षा कमी | १४ | १.०० | २.७७ |
| २३.२५ ते २४.२५ | १४ | १.४३ | ८.८८ |
| २४.२५ ते २५.२५ | २८ | २.३९ | ६.५४ |
| २५.२५ ते २६.२५ | ३९ | २.६९ | ११.३८ |
| २६.२५ ते २७.२५ | २२ | २.८६ | ६.८८ |
| २७.२५ ते २८.२५ | २४ | ३.८७ | ८.८१ |
| २८.२५ ते २९.२५ | १८ | ३.९४ | १६.८८ |
| २९.२५ पेक्षा जास्त | १४ | ५.१४ | ८.२९ |

जवळपास सारख्या रुंदीच्या माद्यांमध्येही प्रचरण सरासरीपेक्षा प्रत्येक गटात मोठे आहे. रुंदी हा घटक बाजूला काढल्यानंतरही विखुरलेपणा उरतो आणि तो केवळ पॉयसनच्या योगायोगाने समजावता येत नाही, हे या कोष्टकावरून दिसते.

गट न पाडता हीच गोष्ट एका आकड्यात तपासता येते का?

येते. पॉयसन मॉडेल बसवून प्रत्येक निरीक्षणाचा पिअर्सन अवशेष काढावा, म्हणजे प्रत्यक्ष मोजणीतून अपेक्षित सरासरी वजा करून अपेक्षित प्रमाण विचलनाने भागावे. या अवशेषांच्या वर्गांची बेरीज स्वातंत्र्यांशांनी भागली की आलेला आकडा पॉयसन खरे असताना १ च्या आसपास असायला हवा.

```r
library(MASS)
library(glm2)
data(crabs)
p  <- glm(Satellites ~ Width, family = poisson, data = crabs)
nb <- glm.nb(Satellites ~ Width, data = crabs)
sum(residuals(p, type = "pearson")^2) / df.residual(p)
```

खेकड्यांच्या विदेत हा आकडा ३.१८ येतो. पॉयसनच्या अपेक्षेच्या तिपटीहून जास्त प्रचरण, असा त्याचा अर्थ.

हा आकडा १ पेक्षा मोठा दिसला की लगेच ऋण द्विपद मॉडेलकडे वळण्याची घाई मात्र करू नये. महत्त्वाचा स्वतंत्र चल सुटलेला असेल, सरळ रेषेऐवजी वक्र संबंध असेल, किंवा नोंदीत एखादा चुकीचा मोठा आकडा शिरला असेल, तरीही तो फुगतो. अशा वेळी आजार सरासरीच्या सूत्रात असतो. प्रचरणाचे सूत्र बदलल्याने तो झाकला जातो, बरा होत नाही. म्हणून आधी अवशेष स्वतंत्र चलासमोर मांडून आलेख पाहावा, आणि सरासरीचे सूत्र ठीक आहे अशी खात्री पटल्यावरच पुढे जावे.

ऋण द्विपद वितरण या प्रश्नात कुठून येते? त्याचा संबंध तर नाणेफेकीशी असतो ना?

पाठ्यपुस्तकात या वितरणाची ओळख ठरावीक यश मिळेपर्यंत किती अपयशे येतात, या प्रश्नातून होते. नाव मात्र ऋण घातांकाच्या द्विपद विस्तारावरून आले आहे. मोजणीच्या रिग्रेशनमध्ये मात्र त्याच सूत्राकडे जाण्याची वाट वेगळी आहे आणि तीच मनात ठेवणे हिताचे आहे.

समजा, प्रत्येक मादीची स्वतःची अशी एक खरी सरासरी λ आहे आणि तिच्याभोवतीच्या नरांची संख्या त्या λ सरासरीच्या पॉयसन वितरणातून येते. सारख्या रुंदीच्या दोन माद्यांची λ मात्र सारखी नसते. एक मादी भरती ऐन जोरात असताना आली असेल, दुसरी किनाऱ्याच्या तुरळक भागात असेल, एखादीचे कवच झिजलेले असेल, आणि यातले काहीही आपल्या मॉडेलमध्ये नाही. या न मोजलेल्या फरकांमुळे λ स्वतःच बदलती राशी होते. तिचे वितरण गॅमा प्रकारचे, μ सरासरीचे आणि θ आकाराचे मानले, तर λ चे प्रचरण μ²/θ येते. आता एकूण प्रचरणाचे दोन भाग सरळ वेगळे होतात. ठरावीक λ असतानाचे पॉयसनचे प्रचरण सरासरीने μ इतके असते, आणि त्यात λ च्या स्वतःच्या बदलाचे प्रचरण मिळवायचे:

```
Var(Y) = μ + μ²/θ
```

λ वर सगळीकडून बेरीज घेतल्यावर Y चे जे वितरण उरते तेच ऋण द्विपद वितरण. मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल यांनी १९२० मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यातील कामगारांच्या अपघातांचा विचार करताना हीच मांडणी केली होती. काही कामगारांना वारंवार अपघात होत आणि अनेकांना एकही नाही, हे एकाच सरासरीच्या पॉयसनमध्ये बसत नव्हते.

θ म्हणजे नेमके काय, आणि तो पॉयसनचे बंधन कसे सैल करतो?

वरच्या सूत्रात पहिले पद μ हे पॉयसनचे आहे. दुसरे पद μ²/θ हे न मोजलेल्या फरकांमुळे आलेले जादा प्रचरण आहे. θ खूप मोठा झाला की दुसरे पद शून्याकडे जाते आणि पॉयसन परत मिळते. θ लहान होत जातो तसतसे जादा प्रचरण वाढत जाते. पॉयसन हे ऋण द्विपद मॉडेलच्या कुटुंबातलेच टोकाचे रूप आहे, आणि सरासरीपासून प्रचरण किती दूर जाऊ द्यायचे हे आता आपण आधी ठरवत नाही, विदेतून ठरू देतो. सरासरीचे सूत्र मात्र जसेच्या तसे राहते. log(μ) अजूनही रुंदीचे रेषीय सूत्रच आहे.

आकड्यांत पाहू. खेकड्यांसाठी ०.९०५ इतका θ येतो. २६.३ सेंमी ही मादीची साधारण सरासरी रुंदी, आणि तिच्यासाठी ऋण द्विपद मॉडेल २.७१ ही अपेक्षित सरासरी देते. २.७१ चा वर्ग ७.३४, त्याला ०.९०५ ने भागले की ८.११ येतात, त्यात २.७१ मिळवले की प्रचरण १०.८२ होते. पॉयसनने इथे पावणेतीनच्या आसपासचे प्रचरण सांगितले असते. कोष्टकातल्या २५.२५ ते २६.२५ या गटाचे प्रत्यक्ष प्रचरण ११.३८ आहे.

हे सूत्र वर्गाचे असल्यामुळे एक गोष्ट ओघाने येते. सरासरी फार लहान असेल तर ओव्हरडिस्पर्शन जवळपास दिसेनासे होते. θ हाच ठेवून μ फक्त ०.१ घेतला तर प्रचरण ०.१११ येते, म्हणजे पॉयसनपेक्षा जेमतेम ११ टक्के जास्त. क्वचित घडणाऱ्या घटनांच्या विदेत पिअर्सनचा आकडा १ च्या जवळ आला, तर त्यावरून निरीक्षणांमध्ये अंतर्गत फरक नाहीत असे म्हणता येत नाही. ते पकडण्याइतकी माहितीच त्या विदेत नसते.

०.९०५ हा θ मोठा की लहान?

लहान, म्हणजे विखुरलेपणा मोठा. गॅमा वितरणात प्रमाण विचलनाचे सरासरीशी प्रमाण १/√θ असते. इथे ते १.०५ येते, याचा अर्थ सारख्या रुंदीच्या माद्यांच्या खऱ्या सरासरींचे प्रमाण विचलन त्यांच्या मध्यवर्ती मूल्यापेक्षाही किंचित मोठे आहे. θ एकापेक्षा कमी असला की गॅमाचा वक्र शून्यापाशी सर्वात उंच असतो. बहुतेक माद्यांकडे फारच थोडे नर आकर्षित होतात आणि थोड्या माद्यांकडे पुष्कळ, असे हे चित्र आहे. हे वाचन करण्याची सवय लावून घ्यावी असे मला आग्रहाने वाटते, कारण अनेक अहवालांत θ नुसता छापला जातो आणि तो प्रत्यक्ष जगाविषयी काय सांगतो हे कोणी लिहीत नाही.

काही ठिकाणी डिस्पर्शन पॅरामीटर मोठा असणे म्हणजे जास्त विखुरलेपणा असे लिहिलेले असते. मग इथे उलटे कसे?

दोन परंपरा आहेत. आरमधील `glm.nb` θ सांगते. स्टाटा, सॅस आणि पायथॉनमधील `statsmodels` त्याचा व्यस्त, म्हणजे α = 1/θ वापरतात, आणि मग सूत्र असे लिहिले जाते:

```
Var(Y) = μ + α·μ²
```

खेकड्यांसाठी θ ०.९०५ असेल तर α १.१०५ होतो. α शून्य झाला की पॉयसन, आणि α वाढला की विखुरलेपणा वाढतो. दुसऱ्याचा निकाल वाचताना यांपैकी काय छापले आहे हे आधी पाहावे.

`statsmodels` वापरणाऱ्यांनी आणखी एका सापळ्यापासून सांभाळावे. तिथे `GLM` ला `families.NegativeBinomial()` दिले तर α चे अनुमान केलेच जात नाही, ते १ धरले जाते. अनुमान हवे असेल तर `discrete` विभागातील `NegativeBinomial` वापरावे लागते. खेकड्यांच्या विदेत खरे अनुमान १.१ च्या जवळ असल्यामुळे ही चूक पकडताच येणार नाही. ०.१ किंवा ५ असा α असलेल्या विदेत मात्र प्रमाण त्रुटी सपशेल चुकतील.

दोन्ही मॉडेल्सचे निकाल शेजारी ठेवले तर काय दिसते?

पॉयसनमध्ये रुंदीचा सहगुणक ०.१६४ आणि त्याची प्रमाण त्रुटी ०.०२०. ऋण द्विपदमध्ये सहगुणक ०.१९२ आणि प्रमाण त्रुटी ०.०४४. प्रमाण त्रुटी दुपटीहून मोठी झाली, हा मुख्य फरक.

सहगुणक लॉगच्या मापात असतात, म्हणून घातांक घेऊन वाचावेत. ऋण द्विपदनुसार कवच एक सेंटिमीटरने रुंद झाले की अपेक्षित नरांची संख्या १.२१ पट होते, आणि ९५ टक्के विश्वास अंतराल १.११ ते १.३२ असे येते. पॉयसनचे अंतराल १.१३ ते १.२३ इतके अरुंद आहे. ही अचूकता खोटी आहे, कारण ती प्रचरणाच्या न टिकणाऱ्या गृहीतकावर उभी आहे. या विदेत रुंदीचा परिणाम इतका ठळक आहे की दोन्हीकडे तो सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीयच राहतो. परिणाम कमजोर असता तर पॉयसनने त्याला लक्षणीय ठरवले असते आणि तो निष्कर्ष पोकळ निघाला असता.

सॅससारख्या काही प्रणाली हीच प्रमाण त्रुटी ०.०४८ देतात. तो दोष नाही. तिथे फिशर माहितीच्या अपेक्षित मूल्याऐवजी विदेतून निघालेले मूल्य वापरले जाते.

प्रमाण त्रुटी वाढली हे समजले, पण सहगुणक ०.१६४ वरून ०.१९२ का झाला? सरासरीचे सूत्र तर तेच आहे.

हा प्रश्न फार चांगला आहे आणि याचे उत्तर क्वचितच दिले जाते. दोन्ही मॉडेल्स सहगुणक शोधताना निरीक्षणांना वजने देतात. लॉग दुवा असताना पॉयसनमध्ये वजन μ इतके असते, आणि ऋण द्विपदमध्ये ते असे असते:

```
w = μ / (1 + μ/θ)
```

μ कितीही वाढला तरी हे वजन θ च्या पुढे जात नाही. μ १ असताना पॉयसनचे वजन १ आणि μ १० असताना १०, म्हणजे दसपट. ऋण द्विपदमध्ये तीच वजने ०.४८ आणि ०.८३ येतात, म्हणजे दुपटीपेक्षाही कमी फरक. मोठ्या सरासरीच्या माद्यांची मते पॉयसनमध्ये फार जोरात मोजली जातात. ऋण द्विपद मॉडेल मात्र मानते की त्या माद्यांमध्ये योगायोगाबरोबर न मोजलेले फरकही मोठे आहेत, म्हणून त्यांचा आवाज मर्यादित ठेवते. त्यामुळे अरुंद माद्यांचे तुलनेने महत्त्व वाढते. कोष्टकात त्यांची सरासरी रुंदीनुसार झपाट्याने वाढताना दिसते, आणि रेषा थोडी तिरपी होते.

दोन्ही मॉडेल्सचे सहगुणक एकमेकांपासून फारच लांब गेले, तर मात्र सावध व्हावे. सरासरीचे सूत्र बरोबर असेल तर मोठ्या विदेत दोन्ही पद्धती एकाच मूल्याकडे यायला हव्यात. तसे होत नसेल तर बहुधा सरासरीच्या सूत्रातच काहीतरी चुकले आहे.

ऋण द्विपद मॉडेल खरोखर आवश्यक आहे, याची औपचारिक चाचणी कशी करावी?

दोन्ही मॉडेल्सच्या लॉग-लाइकलिहूडची तुलना करावी. त्याची उणे दुप्पट पॉयसनमध्ये ९२३.१८ आणि ऋण द्विपदमध्ये ७५१.२९ येते, फरक १७१.८९. एआयसी ९२७.१८ वरून ७५७.२९ वर उतरतो. एका प्राचलाच्या मोबदल्यात इतकी सुधारणा झाल्यावर शंकेला जागा राहत नाही.

फरक लहान असताना एक बारकावा महत्त्वाचा ठरतो. पॉयसन म्हणजे α शून्य, आणि α शून्याखाली जाऊ शकत नसल्यामुळे आपण सीमेवरचे मूल्य तपासत असतो. अशा वेळी नेहमीचे एका स्वातंत्र्यांशाचे काय-वर्ग वितरण लागू पडत नाही. निम्मी संभाव्यता शून्यावर आणि निम्मी काय-वर्गावर असे मिश्रण लागते, म्हणून p-मूल्य निम्मे करायचे. पाच टक्के पातळीसाठी उंबरठा ३.८४ ऐवजी २.७१ होतो.

`summary(nb)` मध्ये अवशिष्ट डेव्हिअन्स १७१ स्वातंत्र्यांशांवर १९५.८१ दिसतो आणि भागाकार १.१५ येतो. त्यावरून मॉडेल उत्तम बसले असे समजू नये. θ याच विदेतून निवडलेला असल्यामुळे हा भागाकार १ च्या जवळ येणे बऱ्याच अंशी ठरलेलेच असते.

मग हे मॉडेल या विदेला खरोखर शोभते का?

पॉयसनपेक्षा निःसंशय शोभते. तरी कोष्टकाकडे पुन्हा नीट पाहावे, कारण त्यात एक महत्त्वाची खूण आहे.

μ + μ²/θ या सूत्रानुसार सरासरी वाढली की प्रचरण आणि सरासरी यांचे गुणोत्तरही वाढत जायला हवे. सर्वात रुंद गटाची सरासरी ५.१४ आहे. तिथे सूत्र सुमारे ३४ प्रचरण सांगते, प्रत्यक्षात ८.२९ आहे. २७.२५ ते २८.२५ या गटात सूत्र सुमारे २० सांगते, प्रत्यक्षात ८.८१ आहे. पहिल्या गटात गुणोत्तर २.८, शेवटच्या गटात १.६, आणि मध्ये ते कधी २.३ तर कधी ६.२. ते सरासरीबरोबर वाढत असल्याचे कुठेही दिसत नाही. प्रत्येक गटात १४ ते ३९ माद्याच असल्यामुळे ही प्रचरणे स्वतः बरीच डळमळीत आहेत हे खरे, पण रुंद माद्यांच्या बाजूला मॉडेल प्रचरण जास्त सांगत आहे ही दिशा दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

प्रचरण सरासरीच्या सरळ पटीत वाढते असे वाटत असेल, तर दोन पर्याय जवळ आहेत. एक म्हणजे ऋण द्विपदचे रेषीय रूप, ज्यात `Var(Y) = μ(1 + δ)` असते. स्टाटामध्ये ते `nbreg` ला `dispersion(constant)` देऊन मिळते. दुसरा म्हणजे अर्ध-पॉयसन पद्धत, जिच्यात पॉयसनचेच सहगुणक ठेवून प्रमाण त्रुटी √३.१८ ने, म्हणजे १.७८ ने गुणल्या जातात. मग रुंदीची प्रमाण त्रुटी ०.०३६ होते. अर्ध-पॉयसनमध्ये पूर्ण वितरण नसते, म्हणून त्यातून एआयसी किंवा शून्य येण्याची संभाव्यता मिळत नाही. फक्त सरासरीचा सहगुणक आणि त्याचे विश्वासार्ह अंतराल हवे असेल तर मी अर्ध-पॉयसनला किंवा मजबूत प्रमाण त्रुटींसह पॉयसनला कमी लेखणार नाही. विशिष्ट संख्येची संभाव्यता सांगायची असेल, तर मात्र पूर्ण वितरण लागतेच.

६२ माद्यांभोवती एकही नर नव्हता. इतकी शून्ये ऋण द्विपद मॉडेल सांभाळू शकते का?

पॉयसन मुळीच सांभाळू शकत नाही. विदेतल्या सर्वात अरुंद, २१ सेंमीच्या मादीसाठीसुद्धा पॉयसन शून्याची संभाव्यता ३२ टक्के देते, आणि रुंद माद्यांसाठी त्याहून खूप कमी. प्रत्यक्षात सगळ्या माद्यांमधली ३६ टक्के शून्यावर आहेत. २६.३ सेंमीच्या मादीसाठी पॉयसन ६ टक्के सांगते, तर ऋण द्विपद २९ टक्के. जास्त शून्ये दिसली म्हणजे शून्य-फुगलेले मॉडेलच हवे, असा समज आहे. तो बरोबर नाही, कारण लहान θ स्वतःच पुष्कळ शून्ये निर्माण करतो.

तरीही या विदेत शून्य-फुगलेल्या मॉडेलला जागा आहे, आणि वरच्या उत्तरातली खूण त्याच दिशेने बोट दाखवते. अरुंद माद्यांमध्ये शून्ये जास्त असतील आणि रुंद माद्यांमध्ये विरळ होत असतील, तर शून्यांची वाढ एका θ च्या हाती सोपवल्यावर रुंद टोकाला प्रचरण फुगणारच. शून्याची जादा संभाव्यता रुंदीवर अवलंबून ठेवणारे मॉडेल बसवून पाहणे इथे रास्त आहे. प्रत्येक गटातील अपेक्षित आणि प्रत्यक्ष शून्ये मोजून पाहणे ही त्याआधीची सोपी पायरी आहे.

θ वरून माद्यांमध्ये खरोखर अंतर्गत फरक आहेत असे सिद्ध होते का?

नाही. तेच ऋण द्विपद वितरण दुसऱ्या एका प्रक्रियेतूनही निघते, जिच्यात सुरुवातीला सर्व माद्या सारख्याच असतात, पण एक नर आला की पुढचा येण्याची शक्यता वाढते. एगेनबर्गर आणि पोल्या यांनी १९२३ मध्ये अशा संसर्गासारख्या प्रक्रियेतून हे वितरण मिळवले. जमलेले नर इतर नरांना ओढतात की मादीतच काहीतरी वेगळे आहे, हे एकदाच केलेल्या मोजणीवरून सांगता येत नाही. त्यासाठी त्याच मादीची वेगवेगळ्या वेळी मोजणी, किंवा नर कोणत्या क्रमाने आले याची नोंद लागेल.

`glm.nb` चालवताना पुनरावृत्तीची मर्यादा संपल्याची सूचना येते आणि θ हजारोंच्या घरात जातो. काय बिघडले?

बहुधा काहीच नाही. विदेत ओव्हरडिस्पर्शन नसेल तर सर्वोत्तम θ अनंताकडे जातो आणि संगणक त्याच्या मागे धावत राहतो. पिअर्सनचा आकडा १ च्या आसपास असेल तर निश्चिंतपणे पॉयसन वापरावे. तो १ पेक्षा बराच कमी असेल, तर प्रचरण सरासरीपेक्षा लहान आहे आणि तिथे ऋण द्विपद मॉडेल निरुपयोगी आहे, कारण μ²/θ हे पद कधीच ऋण होत नाही. अशा विदेसाठी कॉनवे-मॅक्सवेल-पॉयसनसारखी, दोन्ही दिशांना वाकणारी वितरणे आहेत.

प्रत्येक निरीक्षणाचा कालावधी किंवा लोकसंख्या वेगळी असेल तर?

त्या राशीचा लॉग घेऊन तो ऑफसेट म्हणून घालावा, म्हणजे त्याचा सहगुणक १ ला बांधला जातो. आरमध्ये हे असे लिहितात:

```r
glm.nb(y ~ x + offset(log(time)), data = d)
```

मोजणीला आधीच कालावधीने भागून दर काढू नये आणि मग त्या दरावर हे मॉडेल बसवू नये. एका वर्षात ३ घटना आणि दहा वर्षांत ३० घटना यांचा दर सारखाच आहे, पण दुसऱ्या नोंदीत माहिती जास्त आहे. भागाकार केल्यावर μ आणि μ²/θ यांच्यातला तोल ठरवणारी हीच माहिती नाहीशी होते, आणि मग आलेला θ कशाचेच माप राहत नाही.